टक्के कशाचे, ते आधी विचार

ताई,
मे २०२५ मध्ये मी सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात लागले. ऑफर लेटरवर वर्षाचे २,९४,८५२ रुपये लिहिले होते. मी त्याला बारांनी भागलं, २४,५७१ आले, आणि घरी तोच आकडा सांगितला. जूनचा पगार खात्यात आला १६,६२१. बाबा विचारतात, बाकीचे कुठे गेले? मला सांगता येत नाही. एचआरला विचारलं तर "सगळं नियमाने आहे" एवढंच उत्तर मिळालं. त्या महिन्यात ताप आल्यामुळे दोन दिवस गेले नव्हते आणि रजा शिल्लक नव्हती. त्यानंतरच्या स्लिपही मला नीट कळत नाहीत. ऑफर लेटरचा तक्ता सोबत जोडलाय आणि जूनची स्लिप खाली उतरवून देतेय. मला ती वाचायला शिकवा, आणि सोडवायला थोडी गणितंही द्या.

महिन्याचे दिवस ३०, पगारी दिवस २८
मूळ वेतन ९,३३३
महागाई भत्ता ४,६६७
घरभाडे भत्ता ४,६६७
एकूण मिळकत १८,६६७
भविष्य निर्वाह निधी १,६८०
ईएसआयसी १४१
व्यवसाय कर २००
कामगार कल्याण निधी २५
एकूण कपात २,०४६
निव्वळ पगार १६,६२१

— एक वाचक, नाशिक

*

तुझ्या स्लिपमध्ये दोनशे रुपयांची एक चूक आहे. ते पैसे तुला परत मिळायला हवेत. बाकीचे आकडे मी तपासले, ते बरोबर आहेत. पण तू माझ्या शब्दावर विसंबून राहू नकोस, आपण दोघी मिळून एकेक ओळ पाहू.

आधी ऑफर लेटरचा तक्ता घे. त्यात दर महिन्याचं असं लिहिलंय: मूळ वेतन १०,०००, महागाई भत्ता ५,०००, घरभाडे भत्ता ५,०००. हे झाले २०,०००. त्याखाली कंपनीचा पीएफ १,९५०, कंपनीचं ईएसआयसी ६५०, ग्रॅच्युइटी ७२१ आणि बोनस १,२५०. सगळं मिळून २४,५७१. तू घरी सांगितलेला आकडा तो हाच.

याला कंपन्या सीटीसी म्हणतात. तू कामावर असल्यामुळे कंपनीच्या खिशातून महिन्याला एकूण किती जातात, तो हा हिशेब आहे. त्यातले शेवटचे ४,५७१ रुपये स्लिपच्या मिळकतीच्या रकान्यात कधीच दिसणार नाहीत, कारण ते तुला दर महिन्याला द्यायचेच नसतात. कंपनीच्या पीएफचे पैसे तुझ्या पीएफ खात्यात आणि पेन्शनमध्ये जातात, फक्त १५० रुपये विमा आणि प्रशासकीय खर्चाचे असतात. ईएसआयसीचे पैसे दवाखान्याच्या योजनेत जातात. बोनस वर्षातून एकदा मिळतो. ग्रॅच्युइटीसाठी कायम कामगाराला सलग पाच वर्षं काढावी लागतात. त्याआधी नोकरी सोडलीस तर सर्वसाधारणपणे ते ७२१ रुपये तुझे होत नाहीत, ऑफर लेटरवर कितीही ठळक छापलेले असले तरी. पुढच्या नोकरीच्या वेळी वर्षाचा आकडा विचारू नकोस. "महिन्याचा ग्रॉस किती, आणि त्यात मूळ अधिक डीए किती?" एवढे दोन प्रश्न विचार. पुढचं सगळं त्यावरून काढता येतं.

तेव्हा तुझं गणित २४,५७१ पासून नाही, २०,००० पासून सुरू होतं.

आता स्लिपची सगळ्यात वरची ओळ बघ. बहुतेक जण तिच्याकडे न बघता थेट शेवटच्या आकड्यावर जातात. पण महिन्याचे दिवस आणि पगारी दिवस या दोन आकड्यांवर खालचं सगळं उभं असतं. जून तीस दिवसांचा, तुझे पगारी दिवस अठ्ठावीस. म्हणून प्रत्येक मिळकत अठ्ठावीस भागिले तीस या हिशेबाने कमी झाली. मूळ वेतन १०,००० चे ९,३३३ झाले, डीए आणि घरभाडे प्रत्येकी ५,००० चे ४,६६७. बेरीज १८,६६७. दोन दिवसांचे १,३३३ रुपये गेले.

इथे एक गोष्ट नक्की तपासायची, ती म्हणजे भागाकार कितीने केलाय. तुझ्या कंपनीने तीसने केलाय, ते ठीक. काही ठिकाणी महिना सव्वीस दिवसांचा धरतात, म्हणजे रविवार बाजूला काढतात. तसं केलं तर एका दिवसाची किंमत ६६७ ऐवजी ७६९ होते. ती पद्धतही चालते, पण मग ती दोन्हीकडे चालली पाहिजे. म्हणजे सव्वीसने भागून गैरहजेरी कापायची असेल, तर पगारी दिवसही सव्वीसातलेच मोजायचे आणि मधला रविवार पुन्हा कापायचा नाही. शनिवार-सोमवार गैरहजर राहिलेल्या माणसाचे दोनाऐवजी तीन दिवस गेलेले मी पुष्कळदा पाहिलेत. तुझी हजेरी आणि हा आकडा जुळतो का, ते दर महिन्याला स्वतः मोज. माझ्या टेबलावर तक्रारी घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा घोळ इथेच असायचा, आणि ते भांडत मात्र पीएफवरून असायचे.

आता कपाती. चार ओळी आहेत आणि चारही वेगवेगळ्या गोष्टींवर बसवलेल्या आहेत. टक्के पाठ करून उपयोग नाही. टक्के कशाचे, हे कळलं की स्लिप वाचता आली.

पीएफ बारा टक्के. पण १८,६६७ चे बारा टक्के काढलेस तर २,२४० येतील आणि तू गोंधळशील. पीएफ मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांवर कापतात, घरभाडं त्यात धरत नाहीत. ९,३३३ आणि ४,६६७ मिळून होतात १४,०००. त्याचे बारा टक्के १,६८०. जुळलं. तू पूर्ण महिना भरला असतास तर पाया १५,००० झाला असता आणि कपात १,८००.

हा १५,००० चा आकडा लक्षात ठेव. सप्टेंबर २०१४ पासून कायद्याने पीएफसाठीच्या वेतनाची मर्यादा तीच धरली आहे. मूळ आणि डीए त्याच्या वर गेले तरी कंपनी १५,००० वरच, म्हणजे १,८०० रुपयेच कापू शकते. काही कंपन्या पूर्ण रकमेवर कापतात. दोन्ही चालतं. तुझा पगार वाढेल तेव्हा कंपनी काय करते, ते तुला स्लिपवरून कळेल.

तुझ्या स्लिपवर नाही, पण हे वाचणाऱ्या बऱ्याच जणांच्या स्लिपवर "विशेष भत्ता" नावाची एक जाडजूड ओळ असते आणि मूळ वेतन त्याच्यापुढे बारीक असतं. मूळ कमी दाखवलं की कंपनीचाही पीएफ कमी भरावा लागतो, कारण तिलाही तेवढाच वाटा द्यायचा असतो. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये सांगितलं की जे भत्ते सगळ्यांना सरसकट मिळतात, ते पीएफसाठी मूळ वेतनातच धरायचे. तेव्हा मूळ आणि डीए १५,००० च्या खाली आणि विशेष भत्ता भरपूर अशी स्लिप असेल, तर तो भत्ता पीएफमध्ये का धरला नाही हे विचारायचा हक्क आहे.

ईएसआयसीचा पाया वेगळा. इथे घरभाड्यासकट सगळी मिळकत धरली आहे. तुझा वाटा पाऊण टक्का, कंपनीचा सव्वातीन टक्के. १८,६६७ चा पाऊण टक्का कर बरं कॅल्क्युलेटरवर. १४० रुपये आणि पाव पैसा येतो. मग स्लिपवर १४१ कसे? कारण ईएसआयसीत अपूर्णांक आला की पुढचा पूर्ण रुपया धरतात, तो कितीही लहान असला तरी. मला या एका रुपयावरून कळलं की तुझी स्लिप कुणी अंदाजाने लिहिलेली नाही, नियम घातलेल्या सॉफ्टवेअरमधून आली आहे.

ही कपात २१,००० पर्यंतच्या पगाराला असते. त्याच्या वर गेलं की थांबते, पण लगेच नाही. ईएसआयसीचं वर्ष दोन तुकड्यांत चालतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. तुकड्याच्या मध्येच पगार वाढून २१,००० च्या वर गेला, तर तो तुकडा संपेपर्यंत कपात चालू राहते आणि वाढलेल्या पगारावर होते. आणि ओव्हरटाइमचं एक निराळंच आहे. २१,००० ची मर्यादा ओलांडली का हे बघताना ओव्हरटाइम मोजत नाहीत, पण कपात करताना मोजतात. खालच्या गणितांत हे दोन्ही येईल, म्हणून इथे थोडं थांबून वाच.

कामगार कल्याण निधीचे २५ रुपये टक्क्यांवर नाहीत, कॅलेंडरवर आहेत. महाराष्ट्रात ते वर्षातून दोनदाच कापतात, जूनच्या आणि डिसेंबरच्या पगारातून. आधी १२ होते, २०२४ पासून २५ झाले, आणि कंपनी स्वतःचे ७५ घालते. जुलैच्या स्लिपवर ही ओळ दिसली तर हटकायचं.

आता चूक.

व्यवसाय कर, म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, हा राज्याचा कर. महाराष्ट्रात पुरुषाचा महिन्याचा पगार १०,००० च्या वर असेल तर दरमहा २०० कापतात आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे बरोबर २,५०० होतात. राज्यघटनेने या कराला घातलेली वर्षाची कमाल मर्यादा तेवढीच आहे, म्हणून फेब्रुवारीत ते जादा शंभर. पण स्त्रियांसाठी १ एप्रिल २०२३ पासून महिन्याला २५,००० पर्यंतचा पगार या करातून पूर्ण वगळला आहे. त्याआधी ही सूट १०,००० पर्यंतच होती. तुझा पूर्ण ग्रॉस २०,०००. तुझ्याकडून एक रुपयाही कापायचा नव्हता.

ही चूक मुद्दाम केलेली असेल असं मला वाटत नाही. दोनच कारणं संभवतात. एक तर पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी मर्यादा तशीच राहिली आहे, नाहीतर तुझी नोंद करताना स्त्री-पुरुषाच्या रकान्यात चुकीचं भरलं गेलंय. कोणतं ते ओळखायचा सोपा मार्ग आहे. तुझ्याच विभागातल्या, २५,००० च्या आत पगार असलेल्या दोघी-तिघींच्या स्लिप बघ. सगळ्यांचे २०० जात असतील तर मर्यादा जुनी आहे आणि तुम्ही सगळ्यांनी मिळून लिहायचं. फक्त तुझेच जात असतील तर तुझी नोंद चुकली आहे, आणि मग तीच चूक इतर कागदांवरही गेली आहे का ते बघायला हवं.

तोंडी बोलू नकोस, ईमेल कर. एवढं पुरे: "माझा मासिक ग्रॉस २०,००० रुपये आहे. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना मासिक २५,००० पर्यंत व्यवसाय कर माफ आहे. माझ्या जून २०२५ च्या स्लिपमधून २०० रुपये कापले आहेत. कृपया नोंद दुरुस्त करावी आणि रुजू झाल्यापासून कापलेली रक्कम पुढच्या पगारात जमा करावी." सोबत सगळ्या स्लिप जोड. जितके महिने कापले तितके दोनशे, आणि मध्ये फेब्रुवारी गेला असेल तर त्याचे तीनशे. कर सरकारकडे भरून झालाय असं उत्तर आलं तरी मागणी सोडू नकोस. तो कंपनीने आपल्या नोंदणीखाली भरला आहे, त्याची दुरुस्ती करणं तिचं काम आहे, तुझं नाही.

बाबांना आता असं सांग. २४,५७१ आणि १६,६२१ मधला फरक ७,९५० रुपये. त्यातले ४,५७१ महिन्याला हातात यायचेच नव्हते. १,३३३ तापाच्या दोन दिवसांचे. २,०४६ कपातीचे, आणि त्यातले १,६८० तर तुझ्याच पीएफ खात्यात आहेत. अडकलेले आहेत ते २००. चुकीची कपात नसती तर जूनमध्ये हातात १६,८२१ आले असते.

"खात्यात आहेत" असं मी म्हटलं खरं, पण ते स्लिपवरून कळत नाही. स्लिप एवढंच सांगते की कापले. भरले की नाही, ते दुसरीकडे बघावं लागतं. हे मी अनुभवाने सांगते. माझ्या पहिल्या नोकरीत चार महिने स्लिपवर पीएफ व्यवस्थित कापलेला दिसत होता आणि खात्यात काहीच जमा नव्हतं. तेव्हा वर्षाअखेरीला एक कागदी चिठ्ठी यायची, त्यामुळे मला ते कळायलाच वर्ष लागलं. पैसे शेवटी आले, पण तोवर मी तिथली नोकरी सोडली होती आणि त्यासाठी सात-आठ फेऱ्या माराव्या लागल्या.

तुला एवढं थांबायची गरज नाही. कंपनीने जूनचा पीएफ १५ जुलैपर्यंत भरायचा असतो. थोडे दिवस जाऊ दे, मग उमंग ॲपवर किंवा passbook.epfindia.gov.in वर यूएएन टाकून पासबुक उघड. जूनच्या ओळीत तीन आकडे दिसायला हवेत: तुझे १,६८०, कंपनीचे ५१४, आणि पेन्शनचे १,१६६. पहिल्यांदा बघणाऱ्याला ५१४ पाहून धक्का बसतो की कंपनीने एवढेच भरले. तसं नाही. कंपनीच्या बारा टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात. १४,००० चे ते १,१६६ झाले आणि उरलेले ५१४ पीएफमध्ये आले. ५१४ आणि १,१६६ मिळून १,६८० होतात का, हे बघायचं. होत असतील तर कंपनीने आपला वाटा पूर्ण भरलाय. लागोपाठ दोन महिन्यांची ओळच नसेल तर आधी एचआरला लेखी विचार. उत्तर नाही आलं तर ईपीएफओच्या EPFiGMS या पोर्टलवर स्लिप जोडून तक्रार टाकता येते.

आयकराची ओळ तुझ्या स्लिपवर नाही, ते बरोबर आहे. २०२५-२६ मध्ये नव्या करप्रणालीत तुझ्या पगाराला कर लागत नाही.

अजून एक, नंतरच्या स्लिपसाठी. मी वर सांगितलं ते जून २०२५ चे नियम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आणि त्यांत वेतनाची व्याख्या नव्याने केली आहे. घरभाड्यासारखे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त असतील, तर निम्म्याच्या वरचा भाग वेतनात धरायचा. तुझं मूळ आणि डीएच पंचाहत्तर टक्के आहे, त्यामुळे पीएफचा पाया त्याने हलत नाही. पण नोव्हेंबरनंतरच्या स्लिपवर एखादी कपात बदललेली दिसली, तर "पाया कोणता धरलात?" हा प्रश्न एचआरला विचार. "नियमाने आहे" हे त्याचं उत्तर होत नाही.

आता तू मागितलेली गणितं. सगळ्यांत पगार तुझ्याच दराचा आहे, मूळ १०,०००, डीए ५,०००, घरभाडं ५,०००, आणि नियम जून २०२५ चे. वही घे, उत्तरं लगेच बघू नकोस. प्रत्येक कपातीपुढे आधी तिचा पाया लिही, मग टक्के लाव.

पहिलं. जुलै २०२५ मध्ये तू एकही दिवस चुकवला नाहीस आणि व्यवसाय कराची चूक दुरुस्त झाली. हातात किती आले पाहिजेत?

दुसरं. ऑगस्टमध्येही पूर्ण हजेरी, वर १,२०० रुपयांचा ओव्हरटाइम. मिळकत २१,२०० झाली. ईएसआयसी थांबेल का? हातात किती येतील?

तिसरं. तुझ्याच पगारावर काम करणारा एक पुरुष सहकारी, महिना फेब्रुवारी २०२५, पूर्ण हजेरी. त्याच्या हातात किती आले असतील?

चौथं. तुझ्या मैत्रिणीचा पगार जुलैपर्यंत तुझ्याएवढाच होता. १ ऑगस्टपासून तो दहा टक्के वाढला. मूळ ११,०००, डीए ५,५००, घरभाडं ५,५००. कंपनी पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापते. ऑगस्टमध्ये तिच्या हातात किती, आणि ऑक्टोबरमध्ये किती?

पाचवं, आणि माझं आवडतं. एप्रिल २०२५ च्या एका स्लिपवर लिहिलंय: महिन्याचे दिवस ३०, पगारी दिवस २६, मूळ ८,६६७, डीए ४,३३३, घरभाडं ४,३३३, एकूण १७,३३३. पीएफ १,८००, ईएसआयसी १३०. स्लिप एका मुलीची आहे. चूक कुठे आहे?

उत्तरं.

पहिल्याचं. ग्रॉस २०,०००. पीएफ १५,००० चे बारा टक्के, १,८००. ईएसआयसी २०,००० चा पाऊण टक्का, १५०. व्यवसाय कर नाही. जुलै असल्यामुळे कल्याण निधीही नाही. हातात १८,०५०. इथे २५ रुपये वजा केले असतील तर कॅलेंडर विसरलीस.

दुसऱ्याचं. ईएसआयसी थांबणार नाही, कारण मर्यादा बघताना ओव्हरटाइम धरत नाहीत आणि तुझा नेहमीचा पगार २०,००० च आहे. पण कपात २१,२०० वर होईल, १५९ रुपये. पीएफवर ओव्हरटाइमचा काही परिणाम नाही, १,८०० च. एकूण कपात १,९५९, हातात १९,२४१. पीएफमध्ये ओव्हरटाइम मिळवला असशील तर बहुतेकांची होते तीच चूक तुझी झाली.

तिसऱ्याचं. पीएफ १,८००, ईएसआयसी १५०, व्यवसाय कर फेब्रुवारी म्हणून ३००. कपात २,२५०, हातात १७,७५०. तोच माणूस मार्चमध्ये १७,८५० घेईल आणि पगार शंभराने वाढला असं त्याला वाटेल.

चौथ्याचं. पगार २२,००० झाला, २१,००० च्या वर. पण एप्रिल ते सप्टेंबरचा तुकडा चालू आहे, म्हणून ऑगस्टमध्ये ईएसआयसी २२,००० वर कापलं जाईल, १६५. पीएफ मर्यादेत, १,८००. व्यवसाय कर अजूनही नाही, कारण ती २५,००० च्या आत आहे. हातात २०,०३५. ऑक्टोबरपासून ईएसआयसी बंद, हातात २०,२००. त्या १६५ रुपयांसोबत घरच्यांच्या दवाखान्याची सोयही पुढे बंद होते, तेव्हा आई-बाबा ईएसआयसीच्या कार्डावर औषधं घेत असतील तर पगारवाढ झाल्याबरोबर त्यांचा आरोग्य विमा बघायला सांग तिला. कंपनी पूर्ण रकमेवर पीएफ कापत असती, तर १६,५०० चे बारा टक्के १,९८० गेले असते आणि ऑगस्टला हातात १९,८५५ आले असते.

पाचव्याचं. ईएसआयसी बरोबर आहे, १७,३३३ चा पाऊण टक्का १२९ रुपये ९९ पैशांच्या वर जातो, म्हणून १३०. व्यवसाय कर नाही, तेही बरोबर. चूक पीएफमध्ये आहे. मूळ आणि डीए मिळून १३,०००, त्याचे बारा टक्के १,५६०. कुणीतरी पूर्ण महिन्याचे १,८०० तसेच ठेवले आणि २४० जास्त कापले. हे पैसे तिच्याच खात्यात गेले असतील तर बुडालेले नाहीत. पण पासबुकात तिचा वाटा १,८०० दिसतो की १,५६०, ते तिने बघायला हवं. १,५६० दिसत असेल, तर २४० रुपये कंपनीकडेच राहिलेत आणि तुझ्यासारखाच ईमेल तिलाही लिहावा लागेल.